सात पिना, हजारांचा लॉट

समजा, चाकणच्या एका कारखान्यात हजार पिनांचा लॉट आला आहे. कडक केलेल्या पोलादाची, सेंटरलेस ग्राइंडरवर घासलेली साधी पिन. ड्रॉइंगवर व्यास दिलाय २५ एच ६. म्हणजे पिन २५.००० मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि २४.९८७ पेक्षा बारीक नको. एकूण मुभा तेरा मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

हजारच्या हजार पिना कोणी मोजत बसत नाही. नमुना किती घ्यायचा आणि त्यात किती सदोष निघाल्या तर लॉट नाकारायचा, याची तक्ते आयएस २५०० या भारतीय मानकात आहेत. खरेदीच्या ऑर्डरमध्ये दर्जाची पातळी एक टक्का ठरली असेल, तर नेहमीच्या तपासणीत हजारांच्या लॉटमधून ८० पिना उचलायच्या. दोनपर्यंत सदोष निघाल्या तर लॉट घ्यायचा, तीन निघाल्या की नाकारायचा. आपल्या लॉटमध्ये निघाल्या सात. पाच ओव्हरसाइज, २५.००३ ते २५.००७ या दरम्यान. दोन अंडरसाइज, २४.९८१ आणि २४.९८३.

फोन केला की पुरवठादार हमखास म्हणतो, ‘साहेब, सातच खराब आहेत ना? सात परत पाठवा, बदलून देतो. बाकीच्या वापरा.’ ऐकायला हे रास्त वाटतं आणि नवखा खरेदी अधिकारी इथेच फसतो. सात सदोष पिना ८० मध्ये सापडल्या आहेत. उरलेल्या ९२० कोणी पाहिलेल्याच नाहीत आणि याच प्रमाणात त्यांच्यातही ऐंशीच्या आसपास सदोष पिना असू शकतात. नाकारायचा असतो तो लॉट.

पण पत्र लिहिण्याआधी आपलं माप खरं आहे का, ते पाहायला हवं. ट्रकमधून उन्हात तापून आलेली पिन लगेच मायक्रोमीटरमध्ये धरली, तर ती जाड भरते. २५ मिलिमीटरची पोलादी पिन वीस अंशांनी जास्त गरम असेल, तर तिचा व्यास सुमारे सहा मायक्रॉनने वाढलेला असतो, म्हणजे निम्मी मुभा नुसत्या उष्णतेतच संपते. म्हणून सदोष वाटलेल्या पिना सरफेस प्लेटवर स्लिप गेजच्या शेजारी काही तास ठेवायच्या, मायक्रोमीटर स्लिप गेजवर तपासून घ्यायचा आणि मग त्या पुन्हा मोजायच्या. सातही आकडे तेच आले, तरच पुढे जायचं. आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे ड्रॉइंगची आवृत्ती. पुरवठादाराकडे जुनं ड्रॉइंग राहिलं असेल आणि नवं आपणच पाठवलं नसेल, तर दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

यानंतर अहवाल. चांगल्या अहवालाची माझी कसोटी एकच आहे: पुरवठादाराच्या माणसाने तीच पिन हातात घेऊन मोजली, तर त्याला तोच आकडा मिळाला पाहिजे. ‘डायमीटर एनजी’ एवढंच लिहून पाठवलेले अहवाल मी पाहिले आहेत. त्यांतून भांडणाखेरीज काही निघत नाही. प्रत्येक सदोष पिनेला क्रमांकाचा लाल टॅग, त्या क्रमांकासमोर आकडा, पिनेवर कुठे मोजलं ती जागा, मायक्रोमीटरचा क्रमांक आणि त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख, ड्रॉइंगची आवृत्ती, चलन क्रमांक, लॉट आणि नमुन्याची संख्या. सगळं एका पानात बसतं.

पत्राचा मजकूर असा असावा: ‘आपल्या अमुक चलनाने आलेल्या १,००० पिनांपैकी ८० तपासल्या. ७ पिनांचा व्यास ड्रॉइंगच्या मर्यादेबाहेर आहे. ठरलेली मर्यादा २ होती. म्हणून संपूर्ण लॉट नाकारत आहोत. तपासणी अहवाल सोबत जोडला आहे. माल लाल टॅग लावून वेगळा ठेवला आहे. आपला माणूस इथे येऊन मोजमाप पडताळू शकतो.’ यात राग नाही, दूषण नाही आणि ‘नाकारत आहोत’ हा शब्द स्पष्ट आहे. ‘मालात काही त्रुटी आढळल्या, कृपया लक्ष घालावे’ असं मोघम लिहिलं, तर पुढे वाद झाल्यास लॉट नाकारला होता की नुसती तक्रार केली होती, हेच सिद्ध करावं लागतं.

पत्र वेळेत जाणंही तितकंच महत्त्वाचं आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार नकार न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारल्यासारखाच होतो. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघुउद्योग असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात मुदत नेमकी दिली आहे: माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो आणि पैसे देण्याची मुदत तिथून मोजली जाते. ‘लाइन थांबलीय, दोनशे पिना तेवढ्या सोडा’ म्हणून स्टोअरने नाकारलेल्या लॉटमधून माल सोडला, तरी घोटाळा होतो, कारण माल वापरणं हीदेखील स्वीकृतीच. अगदीच निकड असेल, तर त्या दोनशे एकेक करून मोजायच्या, तेवढ्याच स्वीकारत असल्याचं आणि त्या निवडण्याची मजुरी कोणाकडे हे पुरवठादाराकडून आधी लेखी घ्यायचं आणि मगच सोडायच्या.

आता दुरुस्ती की बदली? याचं उत्तर पिनच देते. ओव्हरसाइज पिनेवर धातू जास्त आहे. ती पुन्हा ग्राइंडरवर घेऊन दहाएक मायक्रॉन उतरवले की मापात बसते. कडक थर मिलिमीटर-दीड मिलिमीटर खोल असेल, तर एवढ्याने त्याला धक्का लागत नाही. अंडरसाइज पिनेवरचा धातू मात्र गेला तो गेलाच. हार्ड क्रोम चढवून माप भरून काढता येतं, पण ड्रॉइंगमध्ये क्रोम नसेल, तर डिझाइन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय ते चालत नाही. म्हणून प्रस्तावात दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहायच्या: पूर्ण लॉट परत न्यावा, सर्व हजार पिना मोजाव्यात, ओव्हरसाइज पुन्हा ग्राइंड कराव्यात, अंडरसाइज बाद करून तेवढ्या नव्या द्याव्यात, ने-आणीचा खर्च पुरवठादाराचा, माल अमुक तारखेपर्यंत. ती तारीख पाळली नाही, तर संपूर्ण बदली किंवा डेबिट नोट.

असं का झालं, हेही विचारायचं. माप दोन्ही बाजूंना पसरलंय, हाच मोठा धागा आहे. ग्राइंडिंग व्हील झिजत जातं तशी पिन जाड होत जाते. ऑपरेटरने वेळोवेळी व्हील पुढे घेतलं नाही, तर रनच्या शेवटच्या पिना ओव्हरसाइज येतात. अंडरसाइज पिना बहुधा मशीनवरून काढल्या काढल्या, गरम असतानाच मोजलेल्या असतात. तेव्हा त्या मापात दिसतात आणि थंड झाल्यावर आकसतात. कूलंटची टाकी छोटी असलेल्या शॉपमध्ये दुपारनंतर हा प्रकार वाढतो. ‘ऑपरेटरला समज दिली’ एवढंच उत्तर आलं, तर ते स्वीकारू नये. किती पिनांनंतर माप घेणार आणि पिन किती वेळ थंड होऊ देणार, हे त्याच्याकडून लिहून घ्यावं.

दुरुस्त होऊन आलेला लॉट नव्या चलनावर, ‘रीवर्क’ असा शिक्का घेऊन आला पाहिजे. जुन्या अहवालाच्या भरवशावर तो आत घ्यायचा नाही, पुन्हा ८० पिना मोजायच्या. या खेपेला व्यासासोबत पृष्ठभागही पाहायचा. घाईने ग्राइंड केलेल्या पिनेवर तपकिरी-निळसर झाक दिसते. ती जळाल्याची खूण आहे आणि अशी पिन मापात असली तरी वरच्या थराचा कडकपणा कमी झालेला असू शकतो. झाक दिसली, तर कडकपणा तपासल्याशिवाय सही करायची नाही.