अठरा बाजूंचा हिशेब

कागदावर वरच्या ओळीत तीन घरं काढा आणि खालच्या ओळीत तीन ठिकाणं: पाणी, गॅस, वीज. आता प्रत्येक घराला तिन्ही ठिकाणांहून एकेक रेषा न्यायची. रेषा कितीही वाकड्या चालतील, पण एकीनं दुसरीला ओलांडायचं नाही. इंग्लंडमधल्या हेन्री ड्यूडनीनं 1917 मध्ये हे कोडं आपल्या पुस्तकात छापलं, तेव्हाही ते जुनंच होतं. आठ रेषा सहज जमतात. नववी दर वेळी अडते.

शंभर वेळा अडली, म्हणून अशक्य आहे असं म्हणता येत नाही. एकशे एकाव्या वेळी जमेलही. इथे ऑयलरचं सूत्र कामाला येतं. त्यानं ते 1750 मध्ये घनाकृतींसाठी मांडलं होतं, पण सपाट कागदावरही ते तसंच चालतं: बिंदू वजा रेषा अधिक प्रदेश बरोबर 2. प्रदेश म्हणजे रेषांनी वेगळे झालेले कागदाचे तुकडे. बाहेरचा मोकळा भागही त्यात एक धरायचा.

हे का खरं, ते पेन्सिल हातात घेतली की दिसतं. एकच बिंदू काढला, तर बिंदू 1, रेषा 0, प्रदेश 1, उत्तर 2. त्यातून रेषा काढून टोकाला नवा बिंदू दिला, तर दोन्ही एकेकानं वाढले, उत्तर तेच. आधीचेच दोन बिंदू जोडले, तर रेषा एक वाढली आणि एका प्रदेशाचे दोन झाले. उत्तर पुन्हा तेच. अट एवढीच की आकृती सलग हवी आणि रेषा छेदता कामा नयेत.

आता नववी रेषा जमली असं धरून चालू. बिंदू 6, रेषा 9, म्हणजे प्रदेश 5 असायलाच हवेत. एका प्रदेशाच्या कडेनं चालत गेलं, तर घरानंतर ठिकाण, ठिकाणानंतर पुन्हा घर असंच येतं, कारण घराला घर कुठेच जोडलेलं नाही. त्यामुळे तीन बाजूंचा प्रदेश होऊच शकत नाही. प्रत्येकाला किमान 4 बाजू, पाचांना मिळून किमान 20. पण प्रत्येक रेषेला दोनच बाजू असतात. नऊ रेषांच्या 18. वीस हव्यात आणि आहेत अठरा. म्हणजे आपलं गृहीतच चुकलं: असं चित्र नाही.

मला या सिद्धतेत सर्वांत आवडतं ते हे, की रेषा कशी वळवली याची तिला फिकीरच नाही. सगळी चित्रं एका वजाबाकीत निकालात निघतात. आठ रेषांचा हिशेबही करून पाहा: प्रदेश 4, बाजू 16, तंतोतंत पुरतात.

मात्र हिशेब जुळला म्हणजे चित्र जमेलच, असं नाही. ही चाचणी फक्त नकार देऊ शकते. आणि कागदाऐवजी स्कूटरच्या फुगवलेल्या ट्यूबवर काढलं, तर नऊच्या नऊ रेषा न छेदता बसतात, कारण तिथे सूत्रातल्या 2 ची जागा 0 घेतो.

आता पाच बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू उरलेल्या चारही बिंदूंना जोडायचं ठरवा. रेषा 10 होतील. इथे तीन बाजूंचे प्रदेश चालतात. चित्र काढण्याआधी बाजू मोजून पाहा.