चार मिनिटांचा टोस्ट, एका मिनिटात

गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नाच्या रिसेप्शनमध्ये टोस्टची वेळ आली की पाहुणे ग्लास हातात घेऊन उभे राहतात. बोलणारा चार मिनिटं बोलला, तर दोनशे माणसं चार मिनिटं भरला ग्लास सांभाळत उभी. वधूवरांच्या जिवलग मित्रानं मिनिटभरात आटोपावं, ते यासाठी.

म्हापशाच्या एका तरुणानं मित्राच्या लग्नासाठी लिहिलेला टोस्ट मला वाचायला दिला. शब्द पाचशेच्या आसपास. सावकाश बोललं तर मिनिटाला सव्वाशे शब्द होतात. हशाला जागा ठेवायची म्हणून आम्ही शंभराच्या आतच थांबायचं ठरवलं.

पाद्री, आईवडील, पाहुणे यांच्या आभाराची यादी आधी गेली. ते एमसी करतोच. 'दिलदार, मेहनती, मनमिळाऊ' हेही गेलं, कारण ते कुठल्याही नवऱ्याला चिकटतं. किस्से तीन होते. एक जुन्या प्रेयसीचा, तो तर काढायलाच हवा होता. दुसरा कॉलेजातल्या चौघांनाच कळणारा. उरला स्कूटरचा.

तोही दीड मिनिटाचा! परीक्षा कसली, स्कूटर कोणाची, पाऊस किती, सगळं त्यात. आम्ही शेवटचं वाक्य आधी पक्कं केलं आणि त्याला जे लागत नाही ते खोडलं. परीक्षा गेली, पाऊस गेला. पेट्रोल पंप राहिला, कारण शेवट त्याच्यावरच उभा होता. सुरुवातीला त्यानं लिहिलं होतं, 'एकदा हा मला पंपावर विसरून गेला, ती गंमत सांगतो.' गंमत तिथंच संपली होती. उरलं ते असं:

"आम्ही दोघं स्कूटरवरून पणजीला निघालो होतो. म्हापशाला पेट्रोल भरायला थांबलो, म्हणून मी खाली उतरलो. पेट्रोल भरून हा निघाला. मांडवीच्या पुलापर्यंत मला आयुष्याचे बेत सांगत होता. मग चिडून म्हणाला, 'अरे, काहीतरी बोल की!' आणि मागं वळून बघतो, तर सीट रिकामी. वहिनी, याचे बेत खरंच ऐकण्यासारखे असतात. फक्त पेट्रोल पंपावर उतरू नका. मंडळी, ग्लास उचला, या दोघांच्या लांबच्या प्रवासासाठी!"

पंपावर मागचा माणूस उतरतो हे तिथं सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे काही समजावावं लागत नाही. 'सीट रिकामी' हे वाक्याच्या टोकाला आहे. त्यानंतर हसू ओसरेपर्यंत गप्प राहायचं, नाहीतर 'वहिनी' हा शब्द हशात बुडतो. तालमीत त्याला हीच घाई नडत होती. नवऱ्याला न ओळखणाऱ्या एका शेजाऱ्यालाही त्यानं ते ऐकवलं. तो हसला, तेव्हा मजकूर पक्का झाला. आणि हॉलमध्ये कोणी हसलंच नाही, तर किस्सा पुन्हा सांगत बसायचं नाही, सरळ ग्लास उचलायचा.