कांदा गुलाबी दिसेल असा दिवा

‘कांदा गुलाबी होईपर्यंत परता’ असं पाककृतीत लिहिलेलं असतं. पण ओट्यावरचा दिवा चुकीचा असेल, तर कांदा गुलाबी झाला की करपायला लागला, हे कढईत डोकावूनही कळत नाही. लाल तिखट विटकरी दिसतं, टोमॅटो मळकट वाटतो आणि आत्ता केलेली भाजी सकाळची असल्यासारखी दिसते. मग दुकानात जाऊन आपण ‘पिवळा द्या’ म्हणतो. पिवळा बल्ब लावूनही तिखट तसंच मरगळलेलं दिसतं, तेव्हा मात्र कोडं पडतं.

याचं कारण असं की खोक्यावर पाहायचे आकडे दोन असतात आणि आपण एकच पाहतो. पहिला केल्विनचा. २७०० किंवा ३००० म्हणजे जुन्या तारेच्या बल्बसारखा पिवळसर ‘वॉर्म व्हाइट’, ४००० म्हणजे मधला पांढरा, आणि ६५०० म्हणजे निळसर ‘कूल डे लाइट’. हा आकडा फक्त प्रकाशाची छटा सांगतो. त्या प्रकाशात वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतील, ते दुसरा आकडा सांगतो. तो सीआरआय, आणि तो जास्तीत जास्त १०० असतो.

एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते. तिच्यावरच्या पिवळ्या लेपामुळे एकूण प्रकाश पांढरा दिसतो. स्वस्त बल्बच्या या मिश्रणात गडद लाल फारच थोडा असतो, आणि प्रकाशात जो रंग नाही तो वस्तूवरून परत येणार कुठून? तिखट, टोमॅटो, मांस, माशाचे कल्ले, ओठ, कातडीखालचं रक्त, सगळं लालावर अवलंबून. गोम अशी की सीआरआय ही आठ फिकट रंगांची सरासरी असते; गडद लाल त्यात धरलेलाच नाही. तो आर९ नावाने वेगळा मोजतात. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या बल्बचा आर९ शून्याच्या आसपासही असू शकतो. आपल्याकडे बऱ्याच खोक्यांवर आर९ छापलेला नसतो, म्हणून साधा उपाय म्हणजे सीआरआय ९० किंवा त्याहून जास्त मागणे. असा बल्ब थोडा महाग असतो आणि तेवढ्याच वॅटला उजेड किंचित कमी देतो. स्वयंपाकघरापुरता तरी हा सौदा मला परवडणारा वाटतो.

तिथे ४००० केल्विन बरा. कोथिंबीर हिरवीगार राहते आणि तिखटही लाल दिसतं. २७०० मध्ये हळद नि दूध जरा जास्तच पिवळं वाटतं, ६५०० मध्ये पोळी फिकट पडते. पारख घरीच करता येते. दिवसा खिडकीपाशी टोमॅटो आणि आपला तळहात शेजारी धरून पाहा, मग संध्याकाळी तेच नव्या बल्बखाली. तळहात राखाडी किंवा हिरवट झाला, तर केल्विन बदलून उपयोग नाही, बल्बच बदलावा. आणखी एक, छताच्या मधोमध लावलेला दिवा कितीही चांगला असला तरी ओट्यापाशी उभं राहिलं की आपलीच सावली कढईत पडते. कपाटाखाली पट्टी लावावी लागते, पण तिचाही सीआरआय विचारावा. पट्ट्यांच्या बाबतीत हे हमखास राहून जातं.

झोपायच्या खोलीत २७०० पुरे. मंद उजेडात हीच छटा चेहऱ्याला शोभते; मंद पांढरा दिवा माणसाला आजारी दाखवतो. रात्री निळसर आणि प्रखर प्रकाश झोपेचं संप्रेरकही दाबतो. अडचण आरशापाशी येते. पिवळ्या उजेडात काळा आणि गडद निळा ओळखू येत नाही, ब्लाउज साडीला जुळतो की नाही ते दारात जाऊन बघावं लागतं. आरशाच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या बटणावर ४००० चे, चांगल्या सीआरआयचे दिवे लावावेत. डोक्यावरच्या एकाच दिव्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात. दोन्ही छटा एकाच वेळी मात्र चालू ठेवू नयेत. डोळा एकीला पांढरं मानतो, मग दुसरी उगीचच पिवळी किंवा निळी भासते. भिंत गडद हिरवी असेल, तर तिच्यावरून आलेला प्रकाश चेहराही हिरवट करतो. तिथे बल्बला दोष देऊ नये.

अभ्यासाच्या खोलीत अक्षरं वाचायला छटेपेक्षा उजेड महत्त्वाचा. काळी अक्षरं पांढऱ्या कागदावर ३००० मध्येही तितकीच स्पष्ट दिसतात, फक्त दिवा टेबलाजवळ हवा आणि लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडू नये म्हणून उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडे. तरी मी ४००० घेईन, कारण आता याच खोलीतून व्हिडिओ कॉल होतात. पडद्याचा प्रकाश साधारण ६५०० चा असतो. खोलीत २७०० चा दिवा असला की अर्धा चेहरा नारिंगी आणि अर्धा निळा दिसतो. ४००० मध्ये हा फरक कमी होतो. दिवा पाठीमागे न ठेवता समोर, पडद्याच्या जरा वर ठेवला आणि पडद्याची चमक थोडी उतरवली, की बाकीचं जमून जातं.