पीएचडीची सहामाही बैठक : तारीख कशी ठरते, अहवाल कधी जातो

पीएचडीला नाव नोंदवलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला दर सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे उभे राहावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार विद्यार्थ्याने समितीसमोर कामाचे सादरीकरण करायचे असते आणि प्रगतीचा थोडक्यात अहवाल द्यायचा असतो. समितीचा निमंत्रक म्हणजे विद्यार्थ्याचा मार्गदर्शकच. बाकीचे सदस्य कोण आणि किती, हे ज्या त्या विद्यापीठाच्या नियमांवर ठरते. अहवाल बैठकीच्या किती दिवस आधी द्यावा, हे मात्र आयोगाची नियमावली सांगत नाही. बैठक कामाची होणार की नुसत्या सह्यांची, हे बहुतेक वेळा याच मोकळ्या जागेत ठरते.

तीन-चार प्राध्यापकांची एक सामाईक वेळ मिळवणे दिसते तितके सोपे नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात सत्र परीक्षा, पेपर तपासणी, प्रात्यक्षिके आणि अभ्याससहली एकदमच येतात. अशा वेळी ‘सर, आपल्याला कधी जमेल?’ असा मोघम प्रश्न सगळ्यांना विचारला, तर चार वेगळी उत्तरे येतात आणि आठवडा निघून जातो. त्यापेक्षा मार्गदर्शकाशी बोलून चार नेमक्या वेळा ठरवाव्यात, त्याच सर्वांना कळवाव्यात आणि उत्तरासाठी शेवटची तारीख द्यावी. ज्यांची वेळ मिळणे सर्वांत अवघड, बहुधा बाहेरच्या संस्थेतील तज्ज्ञ, त्यांना सर्वांत आधी विचारावे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. उसाच्या पट्ट्यातील विहिरींच्या पाण्यात नायट्रेट किती आहे, यावर एक विद्यार्थिनी काम करते आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. तिने ६० विहिरी निवडल्या आहेत. मे महिन्यात, पावसाआधी एकदा आणि ऑक्टोबरमध्ये, पावसानंतर एकदा नमुने घ्यायचे, असा आराखडा आहे. समितीत पर्यावरणशास्त्राच्या मार्गदर्शक, भूशास्त्राचे प्राध्यापक, संख्याशास्त्राच्या प्राध्यापिका आणि दुसऱ्या गावच्या महाविद्यालयातील एक तज्ज्ञ आहेत.

मार्गदर्शकांच्या संमतीने ३ नोव्हेंबरला तिचा मेल जातो. डिसेंबरच्या १०, १२, १६ आणि १८ या तारखा, प्रत्येक वेळी सकाळी साडेअकरा ते एक, आणि ७ नोव्हेंबरपर्यंत कळवण्याची विनंती. भूशास्त्राचे प्राध्यापक १३ डिसेंबरपर्यंत विद्यार्थ्यांची सहल घेऊन बाहेर आहेत, म्हणजे पहिल्या दोन तारखा गेल्या. बाहेरच्या तज्ज्ञांची १६ तारखेला तोंडी परीक्षा आहे. उरली १८ तारीख. त्याच दिवशी खोली आणि प्रोजेक्टर राखून ठेवले जातात आणि मार्गदर्शकांच्या सहीचे पत्र सर्वांना जाते. पत्र विद्यार्थिनीच्या नव्हे, निमंत्रकांच्या नावाने जाणे महत्त्वाचे आहे. विद्यार्थ्याची विनंती पुढे ढकलताना सदस्यांना फारसा संकोच वाटत नाही, पण निमंत्रकांचे पत्र दैनंदिनीत लिहिले जाते.

तारीख नक्की झाली की तिथून मागे मोजायचे. समितीला अहवाल दोन आठवडे आधी मिळावा, म्हणजे ४ डिसेंबरला. त्याआधी मार्गदर्शकांना वाचायला आठवडा लागतो आणि त्यांच्या सूचनांप्रमाणे दुरुस्तीला दोन-तीन दिवस, म्हणून मसुदा २४ नोव्हेंबरला त्यांच्या टेबलावर हवा. आकडे घेणे २० नोव्हेंबरला थांबवायचे. त्यानंतर आलेला निकाल सादरीकरणात दाखवता येतो, पण अहवालात घुसवायचा नाही. इथेच अनेकांचे वेळापत्रक कोसळते. ‘अजून दोन नमुने होऊ देत’ म्हणत अहवाल लांबतो आणि बैठकीच्या आदल्या रात्री अकराला मेलने जातो.

अहवाल तीन-चार पानांचा पुरे. पहिल्या पानावर तीन गोष्टी याव्यात : मागच्या बैठकीत समितीने काय सुचवले होते आणि त्याचे काय झाले, या सहा महिन्यांत ठरवलेले किती झाले आणि किती राहिले, आणि समितीकडून कोणता निर्णय हवा आहे. तिसरी गोष्ट बहुतेक अहवालांत नसतेच. खरे तर तिच्यासाठीच एवढी माणसे एकत्र येतात.

या विद्यार्थिनीपुढचा प्रश्न नेमका आहे. मे महिन्यात १३ विहिरी कोरड्या पडल्या होत्या, त्यामुळे दोन्ही ऋतूंची तुलना फक्त ४७ विहिरींचीच करता येते. पुढच्या मे महिन्यात त्या १३ ऐवजी जवळच्या बोअरवेलचे पाणी घ्यावे का? हा प्रश्न ती पहिल्याच पानावर लिहिते. खाली विहिरींचा तक्ता आहे. त्यात गाव, नमुन्याची तारीख आणि नायट्रेट असे रकाने आहेत, आणि १३ ओळींत मे महिन्यासमोर ‘कोरडी’ असे लिहिले आहे.

अहवाल हाती पडल्यावर चौथ्या दिवशी भूशास्त्राच्या प्राध्यापकांचा मेल येतो : तक्त्यात विहिरींची खोली कुठे आहे? तिच्या क्षेत्रवहीत ती नोंद आहेच. खोलीचा रकाना जोडून सुधारित तक्ता त्याच आठवड्यात सर्वांना जातो. १८ तारखेला चर्चा थेट मुद्द्यावर येते. बोअरवेल खालच्या थरातले पाणी उपसते आणि उघडी विहीर वरच्या थरातले. दोन्ही एकाच तक्त्यात घातली, तर नायट्रेटमधला फरक ऋतूमुळे पडला की खोलीमुळे, हे सांगता येणार नाही. संख्याशास्त्राच्या प्राध्यापिका ४७ जोड्या तुलनेला पुरतात का, हे आधीच तपासून आलेल्या असतात. समितीचा निर्णय होतो : बोअरवेल मिसळायच्या नाहीत, तुलना ४७ विहिरींचीच करायची, कोरड्या विहिरींची नोंद स्वतंत्र द्यायची. हाच अहवाल आदल्या रात्री गेला असता, तर खोलीचा प्रश्न बैठकीतच निघाला असता आणि ‘पुढच्या वेळी दाखवा’ म्हणून सहा महिने लांबला असता.

अहवाल न वाचता झालेली बैठक ओळखता येते. सदस्य सादरीकरण चालू असताना पाने उलटतात आणि प्रश्न येतात ते शीर्षकाबद्दल, संदर्भसूचीच्या पद्धतीबद्दल किंवा स्लाइडवरच्या अक्षरांच्या आकाराबद्दल. शिफारशीच्या कागदावर ‘प्रगती समाधानकारक’ एवढे दोनच शब्द उरतात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे बैठक न भरवता शिपायाबरोबर कागद फिरवून सह्या गोळा करणे. तेव्हा ते सोयीचे वाटते. पण आराखड्यातली चूक प्रबंध लिहिताना उघडी पडली, तर ती दुरुस्त करायला पुन्हा पावसाळ्याची वाट पाहावी लागते.

ऐन वेळी एखाद्या सदस्याचे येणे रद्द झाले, तर लगेच तारीख बदलू नये. ते दूरदृश्य पद्धतीने जोडले जाऊ शकतात का आणि विद्यापीठाचा नियम त्याला परवानगी देतो का, हे आधी पाहावे. तेही शक्य नसेल, तर त्यांचे लेखी मत मागवून ते बैठकीत वाचता येते. पण ज्यांच्या विषयाचा प्रश्न पहिल्या पानावर आहे तेच येणार नसतील, तर आठवडाभर थांबलेले बरे. त्यासाठी सत्र संपण्याच्या आत एखादी राखीव तारीख हाताशी असावी लागते, म्हणून बैठक सत्राच्या अगदी शेवटच्या आठवड्यात ठेवू नये.

प्रगती असमाधानकारक वाटली, तर समितीने कारणे नोंदवून सुधारणेचे उपाय सुचवायचे असतात. विद्यार्थ्याने ते अमलात आणले नाहीत, तर कारणे देऊन नोंदणी रद्द करण्याची शिफारसही समिती करू शकते. समितीच्या शिफारशी आणि प्रगती अहवालाची प्रत संस्थेकडे जाते. शिफारशींची एक प्रत विद्यार्थ्याला मिळायलाच हवी, असे नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे. ती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. पुढच्या अहवालाची पहिली ओळ तिच्यातूनच लिहायची असते.