‘रॉयल्टी शून्य’ चहाचा हिशेब

चहाच्या फ्रँचायझीच्या जाहिरातीत हल्ली ‘रॉयल्टी शून्य’ ही ओळ हटकून दिसते. पहिल्यांदाच धंद्यात उतरणारा माणूस ती वाचून खूश होतो. मग कंपनी कमावते कशातून? बहुतेक वेळा मालातून. चहा पावडर, मसाला, सिरप, अगदी कागदी कपसुद्धा कंपनीकडूनच घ्यायचे, कंपनी सांगेल त्या भावाने.

समजा, तालुक्याच्या गावी १२ लाखांत दुकान उभं राहिलं. त्यातले ३ लाख फ्रँचायझी फीचे, जी सहसा परत मिळत नाही. विक्री दिवसाला ६,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,८०,०००. दूध धरून माल ८१,००० चा, भाडं ३०,०००, दोन पोरांचा पगार ३०,०००, गॅस, वीज आणि किरकोळ १०,०००. हातात उरले २९,०००, आणि दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या मालकाचा पगार यात धरलेलाच नाही. या गतीने १२ लाख सुटायला ४१ महिने लागतात. करार ३ वर्षांचा असेल तर भांडवल सुटण्याआधीच नूतनीकरणाची फी दारात उभी.

आता तोच माल बाजारात ६३,००० ला मिळत असेल, तर वरचे १८,००० हीच छुपी रॉयल्टी, विक्रीच्या १० टक्के. उघड ५ टक्के रॉयल्टी घेणारी कंपनी ९,००० घेईल, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,६२०. साध्या खाद्यविक्रीवर ५ टक्के जीएसटी भरणाऱ्याला इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे हे १,६२० खिशातूनच जातात. तरीही माल बाजारभावाने घेता आला, तर महिन्याला ७,३८० रुपये वाचतात.

म्हणून फीआधी मालाची दरसूची मागा आणि ती घेऊन गावातल्या होलसेलवाल्याकडे जा. दर वर्षातून किती वेळा वाढू शकतात, किमान खरेदीची अट आहे का, कंपनीची गाडी आली नाही तर बाहेरून माल घेतल्यास करारभंग होतो का, हे करारात लिहून घ्या. तोंडी ‘बघू हो, आपलंच आहे’ कामाचं नाही.

बाहेर पडण्याचं कलम करारात मागच्या पानांवर असतं, पण वाचावं आधी. दुकान दुसऱ्याला विकता येतं का, त्याची ट्रान्सफर फी किती, उरलेला माल कंपनी परत घेते का? जागेचा भाडेकरार ५ वर्षांचा आणि फ्रँचायझी ३ वर्षांची असेल, तर बोर्ड उतरवल्यावरही भाडं चालूच राहू शकतं. ‘करार संपल्यावर दोन वर्षं चहा विकायचा नाही’ ही अट मात्र भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. करार चालू असताना ती पाळावी लागते.

अमेरिकेत सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला माहितीपत्रक द्यावंच लागतं, आणि त्यात बंद पडलेल्या दुकानांचा आकडाही असतो. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. कंपनी तुम्हाला तिच्या चालत्या दुकानांत नेईल. तुम्ही नकाशावर ‘कायमचे बंद’ दिसणारी दुकानं शोधा आणि त्यातल्या दोघा मालकांशी बोलल्याशिवाय चेक फाडू नका.