नेफ्यात अडकलेली गाठ

सकाळी सहाला कणीक मळायला घ्यावी, तर उजव्या हाताची अनामिका तळहातावर मिटलेलीच. डाव्या हातानं ओढली की 'टक्' आवाज होतो, कळ येते आणि बोट झटक्यात सरळ होतं. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या, मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या बाईंनी तीन महिने बोटाच्या मधल्या सांध्याला मलम चोळलं. आवाज तिथूनच येतोय असं वाटतं ना! पण दुखणं होतं तळहातात.

बोट मिटवणारी दोरीसारखी कंडरा हाडालगतच्या अरुंद बोगद्यातून सरकते. बोगद्याच्या तोंडाशी, हस्तरेषा पाहणारे जिला हृदयरेषा म्हणतात तिच्या आसपास, एक चिवट कडं असतं. ते जाड झालं आणि कंडरेवर गाठ आली, की नेफ्यात नाडीची गाठ अडकावी तसं होतं. बोट मिटताना गाठ कड्याबाहेर जाते, उघडताना आत शिरत नाही. रात्रभर बोटं अर्धवट मिटलेली राहतात आणि तिथे सूज साचते, म्हणून सकाळ जास्त त्रासाची. बोटाच्या मुळाशी अंगठा दाबून बोट हलवलं, तर ही गाठ सरकताना हाताला लागते. यालाच 'ट्रिगर फिंगर' म्हणतात. मधुमेहींमध्ये ते बरंच जास्त दिसतं.

त्रास नुकता सुरू झाला असेल, तर काही आठवडे रात्री पट्टी बांधून बोट सरळ ठेवणं आणि पिळण्याची, घट्ट पकडण्याची कामं कमी करणं, एवढ्यानं कधीकधी भागतं. तरीही बोट अडकत राहिलं, तर त्या कड्यापाशी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. स्टेरॉइड म्हटलं की घरोघरी धास्ती असते. पण इथे मात्रा थोडी आणि जागा नेमकी असते. गुण यायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात. निम्म्याहून अधिक जणांचं बोट मोकळं होतं, मधुमेहींमध्ये यश कमी. शिवाय त्यांची साखर काही दिवस चढते, म्हणून ती रोज तपासावी. या बाईंची साखर आठवडाभर चढी राहिली. बोट चार महिने सुटलं, पुन्हा अडकलं. दुसऱ्या इंजेक्शनचा गुण सहा आठवडेच टिकला.

दोन इंजेक्शनांनंतरही त्रास परतला किंवा बोट ओढूनही उघडेनासं झालं, की शस्त्रक्रियेचा विचार होतो. फार रेंगाळलं तर मधला सांधा आखडतो आणि मग कडं कापूनही बोट पूर्ण सरळ होईलच असं नाही. संधिवाताच्या रुग्णांत मात्र कडं सहसा कापत नाहीत. सुजलेलं आवरण काढतात.

बाईंचा फक्त तळहात बधिर केला होता. सेंटीमीटरभर छेद घेऊन डॉक्टरांनी कडं उभं कापलं आणि टेबलावरच सांगितलं, "मिटा बोट. आता उघडा." चार वेळा मिटलं, चारही वेळा अलगद उघडलं. त्याच संध्याकाळपासून बोट हलवत राहायचं होतं. टाके बाराव्या दिवशी निघाले. लाटणं दाबताना व्रण मात्र पुढे दोन महिने ठणकत होता.