सेंट मारलाय? छे, अंगाचाच वास!

मंगळवार पेठेतून शेअर रिक्षात बसलात आणि शेजारच्यानं भडक सेंट मारला असेल, तर दसरा चौक येईपर्यंत डोकं ठणकतंच. म्हणून तर हल्ली कॉलेजच्या पोरापोरींना वेगळाच वास हवा असतो. ‘काय लावलंयस?’ असं कुणी विचारू नये, फक्त जवळ आल्यावर ‘फ्रेश वाटतंय’ म्हणावं. याला म्हणतात स्किन सेंट. आपल्याच अंगाचा वास, फक्त जरा बरा!

यातला मुख्य घटक म्हणजे मस्क, म्हणजेच कस्तुरी. खरी कस्तुरी नर कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतून मिळायची. या प्राण्याला आता कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे दुकानातला ‘व्हाइट मस्क’ प्रयोगशाळेतलाच समजा. १८८८मध्ये अल्बर्ट बाऊर हा रसायनतज्ज्ञ स्फोटकांवर काम करत होता, तेव्हा त्याला पहिला कृत्रिम मस्क योगायोगानं सापडला.

पण कस्तुरीचा वास ‘स्वच्छ’ कसा झाला? उत्तर कपडे धुण्याच्या पावडरीत आहे. १९६०च्या दशकात गॅलॅक्सोलाइड नावाचा मस्क आला. तो पाण्यात फारसा विरघळत नाही आणि हळूहळू उडतो. त्यामुळे धुतल्यावर बाकीचे वास पाण्याबरोबर जातात, पण हा कापडाला चिकटून राहतो. धुतलेला शर्ट आणि हा वास यांची जोडी आपल्या डोक्यात पक्की बसली. म्हणून अंगावर तोच वास आला की तो सेंट वाटतच नाही, नुकतीच आंघोळ केल्यासारखं वाटतं.

गोची इथंच आहे. मस्कचे रेणू मोठे असतात आणि काही जणांच्या नाकाला ठरावीक मस्क अजिबात कळत नाहीत. ज्यांना कळतात, त्यांच्याही नाकाला थोड्या वेळात सवय होते. मग ‘उडाला वाटतं’ म्हणून आणखी दोन फवारे मारले जातात आणि वर्गात शेजारचा खिडकी उघडतो.

म्हणून विकत घेताना घाई नको. दुकानातल्या कागदी पट्टीवर विश्वास ठेवू नका, कारण स्किन सेंटची खरी परीक्षा त्वचेवरच होते. मनगटावर एकच थेंब लावा, चोळू नका आणि सरळ बाहेर पडा. अर्ध्या तासानं मित्राला किंवा मैत्रिणीला विचारा. हातभर अंतरावरून वास आला, तर थेंब जास्त झाला. मनगट नाकाशी नेल्यावरच आला, तर बरोबर जमलं. तुम्हाला काहीच येत नाही, पण त्यांना येतो, असं झालं तर दोष बाटलीचा नाही, तुमच्या नाकाचा आहे. मग दुसरा मस्क बघा.

आणि एक लक्षात ठेवा, मस्क घाम झाकत नाही. पावसाळ्यात नीट न वाळलेल्या, कुबट शर्टावर तो मारलात, तर दोन्ही वास एकत्र येतात. आधी आंघोळ, मग कोरडा कपडा आणि शेवटी एक थेंब. मग बघा, नाद खुळा!